‘सर, पेमेंट अजून क्लिअर नाही झालंय’

समजा, पुण्यातल्या एका छोट्या छापखान्याच्या मालकाने ग्राहक कंपनीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला संदेश पाठवला: ‘सर, तुमचं पेमेंट अजून क्लिअर नाही झालंय, अकाउंट्सवाल्यांना जरा बोला ना, मंथ एंड आहे, प्लीज अर्जंट.’ दोघांच्या बोलण्यात हे खपून जातं. पण तो अधिकारी हा मजकूर जसाच्या तसा लेखा विभागाकडे पाठवतो, आणि तिथला माणूस बुचकळ्यात पडतो. ‘तुमचं पेमेंट’ म्हणजे तुम्ही द्यायचं की तुम्हाला मिळायचं? शिवाय कुठलं बिल, किती रुपयांचं, हेही त्यात नाही.

म्हणून शब्द बदलण्याआधी हा मजकूर शेवटी कोण वाचणार, ते ठरवावं लागतं. लेखा विभाग चेन्नईत असेल तर सरळ इंग्रजीत लिहिलेलं बरं. कंपनी सांगली-कोल्हापूरकडची असेल, तिचा व्यवहार मराठीत चालत असेल, तर मराठीच योग्य. मग तोच मजकूर असा होतो:

‘महोदय, दि. 3 जून रोजी पाठवलेल्या बिल क्र. 112 ची रु. 48,500 ही रक्कम अद्याप आमच्या खात्यात जमा झालेली नाही. बिलाची 30 दिवसांची मुदत 3 जुलै रोजी संपली आहे. रक्कम कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, ते कृपया कळवावे. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.’

यात ‘बिल’ तसंच राहिलं आहे. सरकारी कार्यालयाला लिहिताना तिथे ‘देयक’ येईल, कारण तिथल्या कागदांवर तोच शब्द असतो. बाजारात मात्र बिलाला बिलच म्हणतात आणि ते बदलायची गरज नाही. ‘अर्जंट’ गेलं, त्याच्या जागी उलटून गेलेली तारीख आली. घाई त्या तारखेतूनच कळते. ‘अकाउंट्सवाल्यांना बोला’ हेही गेलं, कारण ते वाचणारा आता स्वतः अकाउंट्सवालाच आहे.

खरी चूक होते ती दुसऱ्या टोकाला. औपचारिक लिहायचं म्हणून अनेक जण ‘आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करतात. हा सूर कार्यालयाच्या नोटिशीचा आहे. पुरवठादाराने ग्राहकाला तसं लिहिलं, तर विनंतीचा हुकूम होतो. त्याऐवजी ‘कळवावे’ पुरतं. ते ‘कळवा’पेक्षा अदबीचं आहे आणि त्यात लाचारीही नाही. ‘कृपया कळवावे ही नम्र विनंती’ असं लिहिलं, की एकच विनंती दोनदा होते.

त्या अधिकाऱ्याशी असलेली ओळखही जपायला हवी. त्याला व्हॉट्सॲपवर ‘सर, बिलाबद्दल मेल केलाय, जरा बघाल का?’ एवढंच लिहावं, आणि वरचं पत्र लेखा विभागाला ईमेलने स्वतंत्र पाठवावं.