हॉटेलच्या बिलाची उलटतपासणी

हॉटेलच्या बिलात तीन थर असतात. वर खाण्यापिण्याच्या ओळी, त्यांच्याखाली हॉटेलने स्वतःहून लावलेले आकार आणि सर्वांत खाली सरकारचा कर. वरच्या थरात एखादा पदार्थ दोनदा लागला, की त्याचा भार खालच्या दोन्ही थरांवरही पडतो. बहुतेक ग्राहक बिल वरून खाली वाचतात आणि एकूण रक्कम पटण्यासारखी वाटली की पैसे देतात. तपासणी मात्र खालून वर केलेली बरी. कराचा दर ठरलेला असतो, त्यामुळे तो नेमक्या किती रुपयांवर लावला गेला हे कराच्या आकड्यावरूनच काढता येते.

त्यासाठी आधी फोटो नीट हवा. बिलाचा थर्मल कागद उष्णतेने आणि उन्हाने फिका पडतो. पाकिटात काही आठवडे राहिलेल्या बिलावर बऱ्याचदा अक्षर उरत नाही. बिल टेबलावर सपाट पसरून, बरोबर वरून, चारही कडा दिसतील असा फोटो त्याच दिवशी काढावा. लांब बिलाचे दोन फोटो काढावे लागले, तर मधल्या दोन-तीन ओळी दोन्हींत येतात आणि बेरीज करताना त्या दोनदा धरल्या जातात. हॉटेलने दोनदा पैसे लावले अशी शंका येण्याचे हे एक साधे कारण आहे. फोटोवरून अक्षरे उचलणाऱ्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. पुसट दशांश चिन्ह हरवते आणि ४४.८३ चे ४४८३ होतात. म्हणून प्रत्येक ओळीचे नग गुणिले दर करून पाहावे. गुणाकार रकमेशी जुळत नसेल, तर बिलाला दोष देण्याआधी मूळ कागद पुन्हा पाहावा.

यानंतर जीएसटी क्रमांक पाहावा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्याची जडणघडण ठरलेली असते. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा स्थाने म्हणजे पॅन क्रमांक: पाच अक्षरे, चार अंक, पुन्हा एक अक्षर. चौदाव्या जागी सहसा इंग्रजी झेड येतो. अंधुक फोटोत तिथे २ दिसला, तर तो बहुधा झेडच असतो. पॅनच्या चार अंकांच्या जागी इंग्रजी ओ दिसला, तर ते शून्य. हा क्रमांक gst.gov.in वर Search Taxpayer या पानावर टाकला, की नोंदणी चालू आहे की रद्द झाली हे दिसते. Taxpayer Type समोर Composition असे आले, तर तपासणी तिथेच जवळपास संपते. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलला कर स्वतःच्या उलाढालीतून भरायचा असतो. ग्राहकाकडून तो वेगळा घेण्याचा अधिकार त्याला नाही आणि बिलावर तसे छापणे बंधनकारक आहे. अशा बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीच्या ओळी दिसल्या, तर ती पूर्ण रक्कम चुकीची.

नेहमीच्या नोंदणीतल्या साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के आहे, अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. एसी असो वा नसो, नोव्हेंबर २०१७ पासून हाच दर लागतो. ज्या मोठ्या हॉटेलांत खोलीचे दिवसाचे भाडे ७५०० रुपयांच्या वर जाते, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो साधारणपणे १८ टक्के असतो. गल्लीतल्या किंवा मॉलमधल्या हॉटेलच्या बिलावर ९ अधिक ९ टक्के दिसले, तर कारण विचारलेच पाहिजे. ‘सर्व्हिस टॅक्स’ हा कर तर १ जुलै २०१७ रोजी जीएसटीत विरून गेला. त्या नावाची ओळ आजच्या बिलावर असण्याचे कारण नाही.

आता मुख्य युक्ती. कर ५ टक्के असेल, तर सीजीएसटीच्या आकड्याला ४० ने गुणावे. जी रक्कम येईल तिच्यावर कर लावलेला आहे. ती खाण्याच्या बेरजेएवढी असायला हवी. काही पैशांचा फरक अपूर्णांकामुळे पडतो, तो सोडून द्यावा.

नमुना म्हणून पुण्यातल्या एखाद्या हॉटेलात चार जणांचे जेवण झाले असे धरू. बिलावर बटर रोटी ४ नग १६० रुपये, व्हेज कोल्हापुरी २६०, पनीर टिक्का मसाला ३२०, मसाला पापड दोन १२०, बटर रोटी ६ नग २४०, जीरा राइस १९०, सोलकढी चार २८० आणि पाण्याच्या दोन बाटल्या ६०, अशा ओळी आहेत. त्यांची बेरीज १६३०. खाली ‘एस. सी. १० टक्के’ म्हणून १६३. त्याखाली सीजीएसटी ४४.८३ आणि एसजीएसटी ४४.८३. राउंड ऑफ करून देय रक्कम १८८३.

४४.८३ गुणिले ४० म्हणजे १७९३ रुपये आणि वर काही पैसे. खाण्याची बेरीज मात्र १६३० आहे. मधले १६३ कुठले, तर ‘एस. सी.’चे. एसजीएसटीच्या शेजारी बसलेली ही दोन अक्षरे घाईत करासारखी वाचली जातात, पण तो सर्व्हिस चार्ज आहे. तो सरकारकडे जात नाही, हॉटेलकडे राहतो. शिवाय त्याच्यावरही जीएसटी लागलेला आहे.

आता वरच्या ओळी. बटर रोटी दोनदा आली आहे. एकच पदार्थ दोन ओळींत दिसला म्हणजे चूक झालीच, असे नाही. वेटर जेव्हा जेव्हा मागणी घेतो तेव्हा स्वयंपाकघराकडे नवी चिठ्ठी जाते. तिला हॉटेलवाले केओटी म्हणतात. अनेक यंत्रे प्रत्येक केओटीची ओळ वेगळी छापतात. इथे कुटुंबाने आधी चार आणि मग दोन रोट्या मागवल्या होत्या. वेटरने दुसऱ्या वेळी वाढीव दोन न टाकता एकूण सहा टाकल्या. परिणामी सहा रोट्यांचे दहा झाले. हा घोटाळा फार सहज होतो आणि तो पकडण्यासाठी आठवणीवर वाद घालण्याची गरज नसते. बऱ्याच बिलांवर केओटीचे क्रमांक छापलेले असतात. काउंटरवर त्या चिठ्ठ्या दाखवायला सांगाव्यात. परत पाठवलेला पदार्थ बिलातून न वगळला जाणे आणि शेजारच्या टेबलाची केओटी आपल्या टेबलावर चढणे, हे प्रकारही तिथेच उघडे पडतात.

चार जादा रोट्यांचे १६० आणि सर्व्हिस चार्ज काढला, की खाण्याची बेरीज १४७० राहते. तिच्यावर ५ टक्के कर ७३.५०. बिल १५४४ रुपयांचे व्हायला हवे होते. फरक ३३९ रुपयांचा. १६० रुपयांच्या रोट्यांनी १६ रुपये सर्व्हिस चार्ज आणि ८ रुपये ८० पैसे कर सोबत आणला होता. उरलेले पैसे बाकीच्या जेवणावरच्या सर्व्हिस चार्जचे आणि त्यावरच्या कराचे. कॅशियरने पेनाने सर्व्हिस चार्जची ओळ खोडून फक्त १६३ रुपये वजा केले, तरी त्यावरचे ८ रुपये १५ पैसे करात राहूनच जातात. म्हणून खाडाखोड स्वीकारू नये, नवीन बिल छापून मागावे.

सर्व्हिस चार्जबद्दल कायद्याची बाजू ग्राहकाच्या बाजूने झुकलेली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने हा आकार आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या कुठल्या नावाने घेऊ नये, त्यासाठी सक्ती करू नये आणि तो जेवणाच्या बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या आणि काही काळ या सूचनांना स्थगिती होती. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. त्या निकालाविरुद्ध संघटनांनी अपील केले आहे. ‘दारावर पाटी लावली आहे’ किंवा ‘मेनूकार्डावर लिहिले आहे’ हे उत्तर या सूचनांपुढे टिकत नाही. खुशीने ठेवलेली टीप ही वेगळी गोष्ट. ती देणाऱ्याची मर्जी असते आणि सेवा चांगली मिळाली असेल तर ती जरूर द्यावी.

परमिट रूममध्ये एकाच बिलावर दोन कर येतात. मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २०२३ पासून त्याचा दर १० टक्के झाला. जेवण १००० रुपयांचे आणि बिअर ६०० ची असेल, तर सीजीएसटी २५ रुपये हवा. तो ४० रुपये दिसला, तर ४० च्या गुणाकाराने १६०० येतात, म्हणजे बिअरवर व्हॅटही लागला आणि जीएसटीही. सवलतीतही हीच कसोटी चालते. बिलातच सूट दाखवली असेल, तर कर सूट वजा केल्यानंतरच्या रकमेवर हवा.

दुकानाच्या बिलाचा हिशोब वेगळा असतो. वेष्टनावरची एमआरपी सर्व करांसह असते. सुपरमार्केटच्या बिलाखाली जो कराचा तक्ता छापतात तो आधीच किमतीत धरलेल्या कराची फोड दाखवतो. ५ टक्क्यांची, १०५ रुपयांची वस्तू तिथे १०० अधिक ५ अशी दिसते आणि ते बरोबर आहे. तक्त्यातला कर एकूण रकमेत पुन्हा मिळवला असेल, तरच तक्रार करावी. दुहेरी नोंद इथे बारकोड दोनदा वाचला गेल्याने होते. बिलावरचे एकूण नग आणि पिशवीतले नग मोजले की ती सापडते. पाण्याच्या बाटलीबद्दल मात्र एक अपवाद लक्षात ठेवावा. दुकानदार एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, पण टेबलावर बसवून सेवा देणारे हॉटेल घेऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. त्यामुळे वीसची बाटली तीसला लावल्याचा वाद हॉटेलात जिंकता येत नाही.

चूक सापडली की आधी व्यवस्थापकाशी बोलावे. केओटीच्या चुका तिथेच दुरुस्त होतात. सर्व्हिस चार्ज काढायला नकार मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडेही ती देता येते. तक्रारीसोबतच्या फोटोत हॉटेलचे नाव, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि वादातली ओळ स्पष्ट वाचता यायला हवी. पैसे भरून झाले असतील, तर यूपीआय किंवा कार्डाच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही जोडावा, म्हणजे ती रक्कम खरोखर वसूल झाल्याचे दाखवता येते.