पुणे–कोल्हापूर वन-वे: गाडी नेमकी कुठे येणार?

पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. फक्त जायला गाडी हवी असली तरी पूर्वी ट्रॅव्हल्सवाले येण्याचंही भाडं लावायचे, कारण गाडी रिकामी परत आणावी लागायची. आता वन-वे कॅब सहज मिळते, ती परतीचं भाडं शोधणाऱ्या गाड्यांमुळे. कोल्हापूरचे प्रवासी पुण्यात सोडून निघालेली गाडी तुम्हाला घेऊन घरी जाते. त्यामुळे तुमच्या दारात येणारी गाडी बऱ्याचदा एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची असते. चालकाला महामार्ग पाठ असतो, पण सहकारनगरातली तुमची गल्ली माहीत नसते.

गाडीचा नंबर उशिरा येण्याचं कारणही हेच. बुकिंग आठवडाभर आधी केलं तरी चालकाचं नाव आणि नंबर अनेकदा निघायच्या काही तास आधी कळतात. मधल्या काळात कंपनी तुमची फेरी स्थानिक गाडीमालकाकडे देते, आणि कधी तो ती दुसऱ्याकडे सरकवतो. तपशील आल्यावर लगेच चालकाला फोन करा. कंपनीच्या ‘बुकिंग कन्फर्म’ या मेसेजपेक्षा या फोनवर माझा जास्त भरवसा आहे. ‘दादा, आत्ता कुठे आहात? सकाळी सहाला सहकारनगरात पोचाल ना?’ एवढं विचारलं तरी पुरे. ‘कुठली फेरी?’ असं उत्तर आलं, तर त्याच रात्री कंपनीला फोन करून दुसऱ्या गाडीची सोय करायला वेळ मिळतो. टोल भाड्यात धरलाय का, हेही याच फोनवर विचारून घ्यावं. या रस्त्यावर खेड शिवापूरपासून किणीपर्यंत अनेक टोलनाके लागतात, आणि वाद होतो तो कोल्हापुरात उतरताना.

नंबर आला की तो एम-परिवहन अ‍ॅपवर टाकून पाहावा. गाडीचं मॉडेल, नोंदणीचा प्रकार, विम्याची मुदत तिथे दिसते. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. विजेवर चालणारी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. कॅब म्हणून बुक केलेल्या फेरीला पांढऱ्या पाटीची गाडी आली, तर बसू नये. तिला भाडं घ्यायचा परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावर वाद उभा राहू शकतो. नंबर वेगळा निघाला आणि ‘ती गाडी बिघडली, ही पाठवली’ असं सांगितलं गेलं, तर ते खरंही असू शकतं. पण कंपनीकडून नवा नंबर मेसेजवर आल्याशिवाय सामान डिकीत ठेवू नका आणि ओटीपीही सांगू नका. ओटीपी दिला की कंपनीच्या लेखी प्रवास सुरू झालेला असतो.

कारपूलची गोष्ट वेगळी. तिथे खासगी गाडीच असायला हवी, कारण माणूस स्वतःच्या कामाला निघालेला असतो आणि फक्त खर्च वाटून घेतो. तो तुमच्यासाठी शहरात शिरत नाही. वाकडहून निघालेला चालक बाह्यवळणाने थेट पुढे जातो आणि ‘वारजेला उभे राहा’ म्हणतो. खरा घोळ इथे होतो. वारज्याला पूल आहे, पुलाच्या दोन्ही अंगांना सर्व्हिस रोड आहेत, आणि नकाशावरची खूण बेधडक पुलाच्या मधोमध पडते. मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला तुम्ही उभे असाल, तर गाडी समोरून निघून जाते. वळसा घालून परत यायला तिला बराच वेळ लागतो, आणि आत बसलेल्या बाकीच्यांची तेवढी थांबायची तयारी नसते.

म्हणून आदल्या संध्याकाळी असा मेसेज पाठवावा: ‘वारजे पूल, साताऱ्याकडे जाणारी बाजू, खालचा सर्व्हिस रोड, पूल संपल्यावर. ६.४० ला उभा असेन, एक बॅग आहे.’ तिथे दिसणाऱ्या एखाद्या दुकानाचं नाव घाला, आणि शक्य असेल तर त्या जागेचा दिवसा काढलेला फोटो जोडा. सकाळी पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, घरच्यांनाही पाठवा. चालक ‘वर हायवेलाच या’ म्हणाला तर नाही म्हणा. नवले पुलाच्या परिसरात तर मुळीच ऐकू नका. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून तिथे येणारा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि गाडीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभं राहण्याची ती जागा नाही.

उतरण्याची जागाही याच मेसेजमध्ये ठरवून टाका. कारपूलमध्ये ‘कोल्हापूर’ लिहिलेलं असतं, पण चालक पुढे बेळगावला जाणारा असेल तर तो शहरात वळेलच असं नाही. महामार्गावरच सांगली फाट्याला उतरवेल. तिथून शहरात जायला रिक्षा करावी लागते. म्हणून सीटचे पैसे भरायच्या आधी विचारा, ‘कावळा नाक्याला सोडाल का?’