शांपू घ्यायला कुबड्यांवर

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या ब्रायटनला लोक शांपू घ्यायला जात, ते केसांसाठी नव्हे. कुणाचे गुडघे धरलेले असत, कुणाला संधिवात. काही जण तर कुबड्या टेकत येत. शांपू करणारा होता पाटण्यात जन्मलेला शेख दीन मुहम्मद. आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत, मग आयर्लंडमध्ये, मग १८१० साली लंडनमध्ये भारतीय खानावळ काढून दोनेक वर्षांत दिवाळं, असा फिरत फिरत तो या समुद्रकाठच्या गावी पोचला होता.

त्याची पद्धत अशी. रोग्याला आधी वनौषधी घातलेल्या पाण्याची वाफ द्यायची. रोगी बसे फ्लॅनेलच्या छोट्या तंबूत, आणि तंबूला चक्क बाह्या शिवलेल्या! मालिश करणारा बाहेर राहून त्या बाह्यांत हात घाली आणि आतल्या माणसाचे सांधे न् स्नायू दाबून, मळून काढी. याचं नाव शांपू. मूळ हिंदी ‘चाँपना’, म्हणजे दाबणं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’. आपण ‘जरा पाय चेप रे’ म्हणतो, तसंच. दीन मुहम्मदच्या अंगमर्दनाची ख्याती एवढी, की चौथ्या जॉर्ज राजाने त्याला आपला ‘शांपू सर्जन’ नेमलं. बऱ्या झालेल्यांच्या कुबड्या तो स्नानगृहात टांगून ठेवी. जाहिरातीची जाण त्याला उपजतच असावी.

दीन मुहम्मद १८५१ साली वारला. पुढच्या दशकात इंग्रजीत हा शब्द डोक्यावर चढला: साबण लावून डोकं चोळणं म्हणजे शांपू. अंग रगडण्यासाठी फ्रेंचांकडून ‘मसाज’ आला आणि शांपूकडे केसच उरले. पुढे चोळण्याची क्रिया मागे पडून बाटलीतल्या द्रवालाच ते नाव मिळालं, आणि त्याच अर्थाने तो आपल्या न्हाणीघरात आला. डोक्याची ‘चंपी’ मात्र इथेच राहिली, दाबण्याचा अर्थ सांभाळून.

इंग्रजीत गेलेल्या ‘जंगल’ या शब्दाच्या अर्थाची उलटापालट तर याहून मोठी. आयुर्वेदात जमिनीचे तीन प्रकार: पाणथळ तो आनूप, मधला साधारण, आणि कोरडा तो जांगल. जांगल देशात पाणी थोडं, वारा रुक्ष, झाडं विरळ. खैर, शमी, बोर अशी काटेरी. वैद्यांच्या मते तो निरोगी, तिथल्या हरणाचं मांस पचायला हलकं. पुढे हिंदीत जंगल म्हणजे नांगराखाली नसलेली कुठलीही जमीन. इंग्रजांनी १८व्या शतकात हा शब्द याच, पडीक जमिनीच्या अर्थाने उचलला. पण पडीक जमिनीवर झाडोरा माजतो. माजता माजता इंग्रजीतलं जंगल इतकं दाट झालं, की त्यात ऊन शिरेना, हवा दमट आणि तापाची झाली. चरकाच्या हिशेबाने हा सरळ आनूप देश!

जुना अर्थ बघायचाच असेल तर राजस्थानात जावं. बिकानेरच्या प्रदेशाचं जुनं नाव जांगळदेश, आणि वाळवंटात राज्य करणाऱ्या तिथल्या राजांचा किताब होता ‘जंगलधर बादशाह’.