नाकारलेला दावा आणि मुद्देसूद उत्तर

आरोग्यविम्याचा दावा नाकारल्याचं पत्र घरी येतं, तेव्हा बहुतेक जण त्यातलं पहिलं वाक्य वाचतात आणि संतापतात. मग त्याच संतापात उत्तर लिहिलं जातं. इतकी वर्षं हप्ते वेळेवर भरले, एजंटानं काय काय सांगितलं होतं, आजारपणात घरच्यांचे किती हाल झाले, हे सगळं त्यात येतं. ते सगळं खरं असतं. पण कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यापुढे प्रश्न एवढाच असतो की नकाराची जी कारणं पत्रात दिली आहेत, ती टिकतात की नाही. त्या कारणांना तक्रारीत उत्तर नसेल, तर ‘आमच्या आधीच्या निर्णयात बदल नाही’ असं दोन ओळींचं पत्र परत येतं.

म्हणून नकाराच्या पत्रातलं पहिलं वाक्य बाजूला ठेवून कारणांचा परिच्छेद काढावा. त्यातलं प्रत्येक कारण सुटं करून, त्याच शब्दांत उतरवून त्याला क्रमांक द्यावा. हे पत्र बहुधा इंग्रजीत असतं. आपलं उत्तर मराठीत असलं, तरी कारण मात्र मूळ शब्दांतच उद्धृत करावं, म्हणजे पुढे त्याचा अर्थ फिरवता येत नाही. प्रत्येक कारणाशेजारी पॉलिसीतलं कलम लिहिलेलं आहे का, हेही पाहावं. नकार देताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख करायचा आणि कंपनीच्या दावा फेरतपासणी समितीची मंजुरी घेतल्याशिवाय दावा नाकारायचा नाही, असं विमा नियामक ‘इर्डाई’नं मे 2024च्या परिपत्रकात सांगितलं आहे. ‘पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही’ एवढंच मोघम लिहिलं असेल, तर कोणती अट, कोणतं कलम आणि समितीनं मंजुरी कधी दिली, हे तक्रारीच्या सुरुवातीलाच विचारावं.

या कारणांना एवढं महत्त्व द्यायचं ते एका कायदेशीर गोष्टीमुळे. नकाराच्या पत्रात जे कारण दिलं नाही, ते कंपनीला नंतर ग्राहक आयोगात पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली गलाडा पॉवर कंपनीच्या प्रकरणात आणि 2019 साली सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. थोडक्यात, ते पत्र कंपनीलाही बांधून ठेवतं. म्हणून तक्रार करणाऱ्यानंही त्याबाहेर जाऊ नये. कंपनीनं न विचारलेल्या जुन्या दुखण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांकडच्या तपासणीचा उल्लेख आपणहून केला, तर वादाला नवा विषय आयता मिळतो.

एक नमुन्याचं प्रकरण पाहू. त्यातला माणूस आणि तारखा कल्पित आहेत, पण नकाराची अशी कारणं नेहमी पाहायला मिळतात. सांगलीतल्या एका किराणा दुकानदारानं ऑगस्ट 2022मध्ये आरोग्यविमा घेतला. 9 ऑक्टोबर 2025 रोजी डेंग्यूमुळे त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि 13 तारखेला घरी सोडलं. बिल झालं 64,300 रुपये. कागद कंपनीकडे गेले 4 नोव्हेंबरला. महिनाअखेरीस नकार आला, त्यात तीन कारणं होती: आठ वर्षांपासूनचा उच्च रक्तदाब अर्जात लपवला, उपचार बाह्यरुग्ण म्हणून होऊ शकले असते, आणि कागद पंधरा दिवसांच्या मुदतीनंतर दिले.

पहिलं कारण सगळ्यांत जड. ते कुठून आलं हे शोधायला रुग्णालयातले आतले केसपेपर मागवावे लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. या प्रकरणात दाखल करतानाच्या पहिल्याच पानावर ‘हायपरटेन्शन, 8 इयर्स’ अशी नोंद होती. अशा नोंदी बऱ्याचदा रात्रपाळीचे निवासी डॉक्टर करतात. रुग्ण तापानं ग्लानीत असतो आणि माहिती देतो सोबत आलेला भाऊ किंवा शेजारी. प्रत्यक्षात रक्तदाबाचं निदान फेब्रुवारी 2025मध्ये झालं होतं. आठ महिन्यांची आठ वर्षं झाली होती.

मग पुरावा काय द्यायचा? बरेच जण रुग्णालयाकडून ‘नोंद चुकून झाली’ असं प्रमाणपत्र आणतात. ते हवंच. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह हवं आणि माहिती कोणी दिली होती हेही त्यात यावं. पण दावा नाकारल्यानंतर मिळवलेल्या प्रमाणपत्राकडे कंपनी संशयानं पाहते. त्याहून वजनदार ठरतो तो वाद उपजण्याआधीचा, तारखेचा कागद. या दुकानदाराकडे असे दोन कागद निघाले. एक, घरच्या डॉक्टरांची 17 फेब्रुवारी 2025ची चिठ्ठी. तिच्यात रक्तदाबाची पहिली गोळी सुरू केल्याचं लिहिलं होतं. दुसरा, 2023 साली दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्यानं तपासलेला रक्तदाब: 124/80. दाढेच्या कागदाचा विम्याशी काही संबंध असेल असं कोणाला वाटलं नसतं, पण विमा घेतल्यानंतरही रक्तदाब ठीक होता, हे तोच सांगत होता. मूळ केसपेपरवर मात्र कोणी खाडाखोड करू नये, रुग्णालयाला तसं करायलाही सांगू नये. कंपनीकडे आधीची प्रत असते आणि बदललेला कागद दिसला की खरा माणूसही खोटा ठरतो.

तक्रारीत हा मुद्दा असा लिहिता येतो:

“कारण क्र. 1 बाबत: उच्च रक्तदाबाचं निदान 17 फेब्रुवारी 2025 रोजी, म्हणजे विमा सुरू झाल्यानंतर अडीच वर्षांनी झालं (सोबत पान 4). 2023 मधील नोंदीत रक्तदाब 124/80 आहे (पान 5). दाखल करतानाची ‘8 इयर्स’ ही नोंद रुग्णानं दिलेल्या माहितीवरून नाही, सोबत आलेल्या नातेवाइकाच्या सांगण्यावरून झाली, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र पान 6 वर आहे. ऑगस्ट 2022च्या अर्जातलं उत्तर त्या दिवशी खरं होतं. आजार त्याआधीचा असल्याचा अन्य पुरावा कंपनीकडे असल्यास त्याची प्रत द्यावी.”

या उताऱ्यातलं शेवटचं वाक्य विसरू नये. दावा वगळण्याचं कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते.

इथं एक मोह होतो. डेंग्यू डासामुळे होतो, त्याचा रक्तदाबाशी काय संबंध, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. हा मुद्दा निराधार नाही. 2015 साली एलआयसीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की विमेदारानं मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं खरं, पण मृत्यू हृदयविकारानं झाला आणि दोहोंचा संबंध नव्हता; तेवढ्यावर दावा नाकारणं योग्य नाही. मात्र तक्रारीत हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा. तो आधी आला, तर ‘लपवलं होतं खरं, पण बिघडलं काय’ असा त्याचा अर्थ निघतो. आधी ‘लपवलंच नव्हतं’ हे कागदानिशी मांडावं आणि मग ‘हे बाजूला ठेवलं तरीही’ असं म्हणून डेंग्यूवर यावं.

ज्यानं खरोखरच मोठा आजार लपवला आहे, त्याला हे पत्र तारणार नाही. 2020 साली बजाज अलायन्झच्या आयुर्विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली. विमा घेतल्यावर महिना-दीड महिन्यात विमेदाराचा मृत्यू झाला होता आणि आधीच्या आजाराची माहिती अर्जात नव्हती. आरोग्यविम्यात मात्र सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षं होती, 2024 साली ती पाचवर आली. आपल्या दुकानदाराची तीनच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना हा आधार नव्हता. ज्यांचा विमा त्याहून जुना आहे, त्यांनी पहिल्या पॉलिसीची तारीख आधी तपासावी.

दुसऱ्या कारणाला, म्हणजे दाखल होण्याची गरजच नव्हती या म्हणण्याला, उत्तर देताना लोक प्लेटलेटच्या आकड्यावर सगळा भार टाकतात. डेंग्यूत तेवढ्यानं भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009च्या मार्गदर्शिकेत धोक्याची लक्षणं दिली आहेत: पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ, आणि प्लेटलेट वेगानं घसरत असताना रक्ताचा दाटपणा वाढणं. अशी लक्षणं असलेल्या रुग्णाला रुग्णालयातच ठेवायला तीत सांगितलं आहे. दाटपणाचा आकडा, म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्ताच्या साध्या तपासणीतच छापलेला असतो. दुकानदाराचा तो दोन दिवसांत 41 वरून 48 वर गेला होता आणि त्याच वेळी प्लेटलेट 92,000 वरून 38,000 वर आल्या होत्या. परिचारिकेच्या तक्त्यात उलट्यांच्या वेळा आणि सलाइनचं प्रमाण तासातासानं लिहिलेलं होतं. तक्रारीत हे दोन्ही आकडे तारखेसह द्यावेत, तक्त्याची प्रत जोडावी आणि दाखल करायचा निर्णय डॉक्टरांनी का घेतला, याचं त्यांचं चार ओळींचं पत्र लावावं. जवळ अशी लक्षणं नसतील, फक्त ताप आणि थोड्या कमी प्लेटलेट असतील, तर हा मुद्दा खरोखरच कच्चा आहे, हे ओळखावं.

तिसरं कारण उशिराचं. तिथं उशीर झालाच नाही असं भासवू नये. 13 ऑक्टोबरपासून मोजलं तर बावीस दिवस होतात, म्हणजे सात दिवस जास्त. तसं लिहावं आणि कारण द्यावं. रुग्णालयानं केसपेपरच्या प्रती 1 नोव्हेंबरला दिल्या, त्याची पावती जोडली आहे. एरवी देय असलेला दावा केवळ उशिराच्या तांत्रिक कारणावरून नाकारू नये, असं ‘इर्डाई’चं 20 सप्टेंबर 2011चं परिपत्रक कंपन्यांना सांगतं. 2017 साली ट्रकचोरीच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. या कारणाला एक परिच्छेद पुरे.

शेवटी मागणी एका वाक्यात: 64,300 रुपये द्यावेत आणि विलंबाचं व्याज द्यावं, नकार कायम ठेवल्यास प्रत्येक मुद्द्याचं वेगळं लेखी उत्तर द्यावं. पत्र टीपीएकडे न पाठवता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवावं. शाखेत दिलं, तर आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्यावी, कारण पुढचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. तिथं फी लागत नाही, वकील चालत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा देता येतो, तो कंपनीवर बंधनकारक असतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत, गोव्यातल्या तक्रारी पुण्याकडे येतात. लोकपालांकडच्या अर्जासोबत नकाराचं पत्र, ही तक्रार आणि कंपनीचं त्यावरचं उत्तर असे तीन कागद जोडायचे असतात. तक्रारीत कारणांना क्रमांक दिलेले असले, की कोणत्या मुद्द्यावर कंपनीनं काहीच उत्तर दिलं नाही हे तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दिसतं, आणि सुनावणीत बोलायची सुरुवात त्याच मुद्द्यापासून करता येते.