‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं?

समजा, भोसरीतल्या एका लहान कारखान्याने मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवले. बिलाची मुदत उलटून गेली, पैसे आले नाहीत. मालकाने कंपनीच्या खरेदी, स्टोअर्स आणि अकाउंट्स अशा तिन्ही विभागांना मिळून एक ईमेल पाठवला. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, ‘वुई हम्बली रिक्वेस्ट यू टू लुक इनटू द मॅटर अँड काइंडली डू द नीडफुल.’

या ईमेलचं पुढे काय होतं? खरेदीवाल्याला वाटतं, पैशांचा विषय आहे, अकाउंट्स बघेल. अकाउंट्समध्ये बिल पास व्हायला तीन कागद जुळावे लागतात: पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि बिल. त्यांना सिस्टिममध्ये जीआरएनच दिसत नाही, म्हणून ते थांबून राहतात. जीआरएन करायची असते स्टोअर्सने, पण ईमेलमध्ये तिचा उल्लेखच नाही. तिघांनीही ईमेल वाचला आणि तिघांनीही बाजूला ठेवला. यात कुणाचा आळस नाही. कुणी, काय आणि केव्हापर्यंत करायचं, यातलं काहीच लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

ही वाक्यं आपल्याकडे आली ती इंग्रजांच्या कचेरीतून. ‘डू द नीडफुल’ हा एकेकाळी ब्रिटनमध्येही रुळलेला प्रयोग होता. तिथे तो मागे पडला, आपल्या अर्जांत आणि फायलींत टिकून राहिला. ब्रिटिश सरकारने स्वतःच्या कारकुनी भाषेकडेही नंतर लक्ष दिलं. अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिलं, ते 1948 साली निघालं. आपण मात्र अर्जदाराची भाषा व्यापारातही तशीच वापरत राहिलो. माल देऊन हक्काचे पैसे मागणारा माणूस अर्जदार नसतो. त्याला ‘हम्बली’ लिहावं लागावं, हे मला खरोखर खटकतं.

तोच ईमेल नव्याने लिहू. आधी मालकाने फोन करून बिल कुठे अडकलं आहे ते विचारायचं. ही पायरी गाळली तर चांगली भाषाही उपयोगाची नाही. जीआरएन राहिली आहे असं कळलं, की ईमेल फक्त स्टोअर्सला लिहायचा आणि बाकी दोघांना सीसीमध्ये ठेवायचं. विषयाच्या ओळीत ‘पेमेंट इश्यू’ असं मोघम न लिहिता बिलाचा क्रमांक आणि ‘जीआरएन पेंडिंग’ एवढं लिहायचं. मजकूर चार वाक्यांचा: ‘आमचा माल 3 तारखेला तुमच्या गेटवर उतरला. सही-शिक्क्याचं चलन सोबत जोडलं आहे. कुड यू प्लीज कम्प्लीट द जीआरएन बाय फ्रायडे? चलनात काही फरक दिसला तर मला फोन करा, मी लगेच दुरुस्त करून पाठवतो.’

यात नम्रता कमी झाली का? मला तर ती वाढलेली दिसते. समोरच्याला कागद शोधावा लागत नाही, मुदत आधी कळते, आणि अडचण आली तर काय करायचं तेही कळतं. ‘प्लीज’ एकदा पुरतं. ‘कुड यू’ने सुरू होणारा प्रश्न आज जगभरच्या कार्यालयांत सभ्य मानला जातो. उलट ‘काइंडली’ अमेरिकन वाचकाला अनेकदा तंबी दिल्यासारखं लागतं, आणि ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणं हा आपल्याकडचा अर्थ परदेशात सगळ्यांना कळेलच असं नाही. तिथे ‘रिप्लाय’ सरळ.

शुक्रवार उलटला तर? बरेच जण आणखी वाकतात किंवा एकदम चिडतात. दोन्हीची गरज नाही. ‘शुक्रवारपर्यंत जीआरएन अपेक्षित होती, अजून दिसत नाही. कोणत्या तारखेला होईल?’ एवढं विचारलं की तारीखच द्यावी लागते. कारखाना सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर पुढच्या पत्रात कायदाही शांतपणे सांगता येतो. 2006च्या कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे नेता येत नाही. हे एक साधं वाक्य दहा ‘हम्बली’पेक्षा वजनदार आहे.

कोर्टातल्या अर्जाची गोष्ट वेगळी. तिथली नम्र प्रार्थना हा ठरलेला साचा आहे, तो वकिलावर सोडावा. पण तिथेही प्रार्थनेच्या खाली नेमक्या मागण्या क्रमाने लिहिलेल्या असतात. सोसायटीला किंवा महापालिकेला मराठीत पत्र लिहिताना आपण ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती’ यावर थांबतो. त्याऐवजी ‘बी विंगसमोरच्या चेंबरचं झाकण तुटलं आहे, ते कृपया सोमवारपर्यंत बदलून द्यावं’ असं लिहिलं, तर पत्र हातात पडणाऱ्याला झाकण मागवता येतं.