आठ तासांचा तक्ता

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या घरांत स्केचपेनचा खप वाढतो. पूर्वपरीक्षा जानेवारीत, बोर्ड त्याच्या मागोमाग, आणि पोरगं अचानक पट्टी-पेन्सिल घेऊन जमिनीवर पसरलेल्या ड्रॉइंग शीटवर ओणवं झालेलं. अशाच एका मुलाची ही गोष्ट. त्याचं नाव काहीही असू शकेल, कारण हा मुलगा बहुतेक प्रत्येक इमारतीत एक तरी असतो.

तक्ता खरोखर देखणा होता. गणिताला निळा, विज्ञानाला हिरवा, इतिहास-भूगोलाला तपकिरी, भाषांना केशरी. पहाटे पाचला उठायचं. सव्वापाच ते पावणेसात भूमिती. अंघोळ-नाश्त्याला अर्धा तास, मग दीड तास विज्ञान. नऊ ते साडेदहा क्लास, साडेदहा ते साडेअकरा इंग्रजी, जेवण, साडेबारा ते साडेपाच शाळा. सहाला बीजगणित, साडेसातला इतिहास-भूगोल, साडेआठला जेवण, मग तासभर मराठी, अर्धा तास हिंदी आणि साडेदहाला झोप. शाळा-क्लास सोडून रोज आठ तासांचा अभ्यास. सोमवार ते शनिवार मिळून अठ्ठेचाळीस तास. आईने फोटो काढून मावशीला पाठवला.

सोमवारी तो पाचला उठलासुद्धा. वर्तुळाच्या धड्यातलं स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय काढलं. समरूप त्रिकोण कोणते घ्यायचे इथे गाडी अडली, आणि पावणेसात वाजले तेव्हा सिद्धता अर्धीच झाली होती. तक्ता म्हणत होता, भूमिती संपली. ती अर्धवट ठेवून उठावं की विज्ञानाचा वेळ खावा? त्याने विज्ञानाचा वेळ खाल्ला. दिवसाअखेर पाच तास भरले.

मंगळवारी साडेसहाला नळाला पाणी आलं आणि हिरव्या चौकोनातला बराच वेळ बादल्या-पिंपात गेला. चार तास. बुधवारी क्लासच्या सरांनी वर्गसमीकरणांची दहा उदाहरणं घरी करायला दिली. ती कुठे करायची? क्लासच्या गृहपाठाला तक्त्यात रंगच नव्हता. शाळेच्या प्रयोगवहीलाही नव्हता. शिवाय क्लास साडेदहाला सुटत होता आणि इंग्रजीही साडेदहालाच सुरू होत होतं. सायकलवरून घरी यायची वीस मिनिटं कागदावर अस्तित्वातच नव्हती. बुधवारचे तास तीन.

गुरुवारी गजर बंद करून तो पुन्हा झोपला आणि पावणेसातला जागा झाला. खरं तर एकच चौकोन हुकला होता. साडेसहा तास अजून हातात होते. पण त्याच्या मनाने निकाल दिला: आजचा दिवस गेलाच, आता उद्यापासून नीट. त्या दिवशी जेमतेम अर्धा तास वही उघडली. शुक्रवारी साडेतीन तास झाले. शनिवारी लक्षात आलं की शनिवारची शाळा सकाळची असते, आणि तक्ता तर सहाही दिवसांना एकच होता. कसेबसे दोन तास.

घरात निदान झालं ते नेहमीचं: जिद्द नाही. पण आठवड्याची बेरीज केली तर मुलाने अठरा तास अभ्यास केला होता. शाळा आणि क्लास सांभाळून अठरा तास म्हणजे आळस नव्हे. चूक अठ्ठेचाळीस या आकड्यात होती.

अशी चूक कशी होते, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं. काम किती वेळात होईल हे ठरवताना माणूस डोळ्यांसमोर फक्त ते काम आणतो, तसली कामं यापूर्वी किती वेळ खाऊन गेली ते पाहत नाही. कॅनडातल्या रॉजर ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पुरा होईल हे विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात सरासरी साडेपंचावन्न दिवस लागले. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट धरून केलेला अंदाजसुद्धा तोकडाच पडला. आपल्या मुलाला नळाचं पाणी काही नवीन नव्हतं. तक्ता आखताना ते आठवलं नाही, इतकंच.

गुरुवारचं दुखणं मात्र वेगळं. पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी ते खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या लोकांमध्ये तपासलं. 1975 च्या एका प्रयोगात अशा लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम समोर ठेवलं. मिल्कशेक न प्यायलेल्यांपेक्षा प्यायलेल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, तर आता कशाला आवरायचं! ज्या तक्त्यात एकही रिकामी जागा नसते, तिथे पहिली चूक हीच शेवटची संधी घालवते, कारण हुकलेलं काम ढकलायला जागाच नसते.

रविवारी मुलगा नवी शीट आणायला निघाला होता. त्याला अडवलं ताईने. ती सीएची आर्टिकलशिप करते. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडणं हे तिचं रोजचं काम. ‘‘अरे, शीट राहू दे. आधी गेल्या आठवड्यात खरंच काय झालं ते लिही,’’ ती म्हणाली. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने झाले. एकात अठ्ठेचाळीस, दुसऱ्यात अठरा.

तिने नवा आराखडा अठरावरच बांधला. सकाळी सहा ते साडेसात, रात्री आठ ते साडेनऊ, शनिवारी तेवढेच तास दुपारी. क्लासचा गृहपाठ आणि प्रयोगवही संध्याकाळी शाळेतून आल्यावर, त्यांच्या स्वतःच्या वेळेत. रविवारची सकाळ मुद्दाम कोरी, आठवड्यात सांडलेलं भरून काढायला. रोजच्या चौकोनांऐवजी आठवड्याचा कोटा ठरला: बीजगणित, भूमिती आणि विज्ञान प्रत्येकी चार तास, इतिहास-भूगोल तीन, भाषा तीन. आणि ‘भूमिती’ असा नुसता शब्द लिहायचा नाही. ‘स्पर्शिका-छेदिका प्रमेय, सिद्धता न बघता एकदा’ असं लिहायचं, म्हणजे काम संपलं की नाही ते कळतं.

आठवड्याचा कोटा ही केवळ सवलत नव्हे. 1981 मध्ये डॅनियल किर्शेनबाउम आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला रोजचं, तर दुसऱ्याला महिन्याचं नियोजन करायला लावलं. बारीकसारीक रोजचं नियोजन सरस ठरेल असं कुणालाही वाटेल. अभ्यास टिकला तो महिन्यावार आखणाऱ्यांचा. अर्थात ते विद्यार्थी मोठे होते. दहावीच्या मुलाला महिना फार लांबचा वाटतो, म्हणून आठवडा बरा.

अठरा तासांत पोर्शन होईल का, हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. नसेल होत, तर ते दोन आठवड्यांत कळेल आणि एखादा तास वाढवता येईल. अठ्ठेचाळीसच्या तक्त्यातून मात्र यातलं काहीच कळत नव्हतं. रंगांनाही काम मिळालं: चौकोन आधी रंगवायचा नाही, काम झाल्यावर रंगवायचा.

तुमच्या घरी असा तक्ता भिंतीवर चढणार असेल, तर फोटो काढण्याआधी मुलाला दोनच गोष्टी विचारा. क्लासचा गृहपाठ यात कुठे आहे? आणि शनिवारी शाळा किती वाजता असते?