हॉटेलच्या वायफायवर व्हीपीएन का अडतं?

हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडला, वायफाय लागलं, बातम्यांची साइट उघडली, घरच्यांशी व्हिडिओ कॉलही झाला. ऑफिसचं व्हीपीएन मात्र ‘कनेक्टिंग’ म्हणत फिरत राहतं आणि मिनिटभराने हात टेकतं. विमानतळावरही हाच अनुभव येतो. अशा वेळी बहुतेक जण पासवर्ड पुन्हा टाकतात, अ‍ॅप काढून पुन्हा बसवतात. पण दोष बऱ्याचदा तिथे नसतोच. तो नेटवर्कच्या दारावर असतो, आणि तो ओळखता येतो.

इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर ६५ हजारांहून अधिक क्रमांकांची दारं असतात. या दारांना पोर्ट म्हणतात. बँकेची साइट किंवा कुठलंही कुलपाचं चिन्ह असलेलं पान ४४३ या पोर्टवरून येतं. ओपनव्हीपीएन हे खूप वापरलं जाणारं व्हीपीएन मूळ रचनेत ११९४ वापरतं, वायरगार्ड बहुधा ५१८२०, तर आयपीसेक पद्धतीची व्हीपीएन ५०० आणि ४५०० वर बोलतात. हे सगळे यूडीपी प्रकारचे पोर्ट आहेत. वेबपानांची नेहमीची वाहतूक टीसीपी प्रकारची असते.

हॉटेल किंवा विमानतळाचं वायफाय सांभाळणाऱ्याला पाहुण्याने वेब पाहावं एवढंच हवं असतं. टोरंट, स्पॅम मेल, एखाद्याच्या लॅपटॉपमधून पसरणारा व्हायरस ही डोकेदुखी नको म्हणून तो मोजकेच पोर्ट उघडे ठेवतो आणि बाकीचे बंद करतो. त्यात ११९४ सहज अडकतो. मग व्हिडिओ कॉल कसा चालतो? कारण अशी बरीच अ‍ॅप्स आपला आवडता पोर्ट बंद दिसला की आपोआप ४४३ वर येतात. व्हीपीएनला तसं आधी सांगून ठेवावं लागतं.

पण पोर्टवर संशय घेण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. सार्वजनिक वायफायवर मोबाइल क्रमांक, ओटीपी किंवा खोली क्रमांक विचारणारं पान येतं. ते पूर्ण होईपर्यंत बाहेर काहीच जात नाही. लॅपटॉपवर ‘व्हीपीएनशिवाय इंटरनेट बंद’ अशी सोय चालू असेल तर ते पानही उघडत नाही, आणि पान उघडत नाही म्हणून व्हीपीएनही लागत नाही. ती सोय तेवढ्यापुरती थांबवायची आणि ब्राउझरमध्ये कुलूप नसलेली एखादी साइट, उदाहरणार्थ `http://neverssl.com`, उघडायची. लॉगिनचं पान समोर येतं. ते आटोपलं की सोय परत चालू करून व्हीपीएन लावून पाहायचं.

एवढं करूनही लागलं नाही, तर व्हीपीएनच्या लॉगमध्ये डोकावा. ऑफिसने ओपनव्हीपीएन दिलं असेल, तर ही ओळ दिसण्याची शक्यता मोठी:

```
TLS Error: TLS key negotiation failed to occur within 60 seconds (check your network connectivity)
```

अर्थ असा, की लॅपटॉपने हाक मारली आणि ६० सेकंदांत बोलणी पुरी झाली नाहीत. याउलट `AUTH_FAILED` दिसलं, तर निरोप सर्व्हरपर्यंत पोचला आणि त्याने तुमची ओळख नाकारली. मग वायफायला दोष देण्यात अर्थ नाही, पासवर्ड किंवा खातं तपासायचं. तिसरीही एक शक्यता असते: व्हीपीएन लागतं, पण ऑफिसची फाइल उघडत नाही. हॉटेलचे आणि ऑफिसचे आतले पत्ते एकाच मालिकेतले, उदाहरणार्थ दोन्हीकडे `192.168.1.x`, असले की असं होतं. पोर्ट बदलून ते सुटत नाही.

आता संशय पक्का करू. फोनचा हॉटस्पॉट चालू करून तोच लॅपटॉप, तेच व्हीपीएन त्यावर जोडा. तिथे लगेच लागलं आणि हॉटेलच्या वायफायवर नाही, तर अडथळा हॉटेलच्या बाजूला आहे. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ऑफिसच्या व्हीपीएन सर्व्हरचं नाव घालून हे चालवा:

```
Test-NetConnection vpn.example.com -Port 443
```

उत्तरात `TcpTestSucceeded : True` आलं, तर हॉटेलातून त्या सर्व्हरच्या ४४३ पर्यंत वाट आहे. `False` आलं, तर हीच आज्ञा हॉटस्पॉटवर चालवा. तिथे `True` असेल तर हॉटेल अडवतंय. तिथेही `False` असेल तर बहुधा ऑफिसचा सर्व्हर ४४३ वर ऐकतच नाही. ही तपासणी फक्त टीसीपीची आहे. यूडीपी ११९४ तिने तपासता येत नाही.

नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. आपल्या फाइलमध्ये ११९४ खोडून ४४३ लिहिलं की काम झालं, असं वाटतं. पण पलीकडे सर्व्हरने त्या पोर्टवर कान लावलेला नसेल, तर आपण कितीही हाका मारल्या तरी उत्तर येणार नाही. ऑफिसच्या आयटी विभागाने सर्व्हरवर टीसीपी ४४३ साठी वेगळी सेवा चालवावी लागते. त्याच यंत्रावर वेबसाइट असली तरी हरकत नाही. ओपनव्हीपीएनमधल्या `port-share` या सोयीने व्हीपीएन आणि वेबसाइट दोघंही एकच पोर्ट वापरू शकतात. ते झालं की आपल्या फाइलमध्ये एवढं पुरतं:

```
remote vpn.example.com 1194 udp
remote vpn.example.com 443 tcp
server-poll-timeout 10
```

आधी नेहमीचा पोर्ट, दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर ४४३. घरी पहिली ओळ चालते, हॉटेलात दुसरी.

मग कायमच ४४३ का वापरू नये? कारण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा मागवतं. व्हीपीएनच्या आत चाललेलं कामही बहुतेक टीसीपीवरच असतं, तेही पुन्हा मागवतं. वायफाय चांगलं असेल तर फरक जाणवत नाही. पण गर्दीच्या विमानतळावर तुकडे हरवू लागले की आतला आणि बाहेरचा असे दोघंही एकाच नुकसानीची भरपाई करू पाहतात आणि सगळं रखडतं. व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो अशाने. म्हणून ४४३ ही दुसरी पसंती ठेवावी.

शिवाय ही युक्ती सगळीकडे चालत नाही. काही फायरवॉल नुसता पोर्ट न पाहता आतल्या संभाषणाचं रूपही तपासतात. ओपनव्हीपीएनची सुरुवात वेबपानासारखी हुबेहूब दिसत नाही, त्यामुळे ४४३ वरही ते ओळखून तोडलं जाऊ शकतं. मायक्रोसॉफ्टचं एसएसटीपी मुळातच वेबच्या कुलूपबंद वाहतुकीतून ४४३ वर चालतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी निभावतं. वायरगार्ड मात्र फक्त यूडीपी बोलतं. त्याला ४४३ क्रमांक दिला तरी तिथे यूडीपी उघडं असावं लागतं. आणि चीनसारख्या देशात अडवणूक हॉटेलच्या दारावर नाही, देशाच्या वेशीवर असते. तिथे जाण्याआधी नियम आणि ऑफिसची परवानगी दोन्ही पाहून घ्यावं.

प्रवासाला निघण्याआधी आयटी विभागाला ‘बाहेर व्हीपीएन चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘सर्व्हर टीसीपी ४४३ वर ऐकतो का, आणि माझ्या फाइलमध्ये ती दुसरी ओळ आहे का?’ असं विचारा. मिळालेली फाइल घरीच तपासा: पहिल्या `remote` ओळीच्या सुरुवातीला `#` टाकून ती तात्पुरती बंद करा, जोडून पाहा, आणि लॉगमध्ये ४४३ दिसतो का ते बघा. दिसला, की `#` काढून टाका. आणि तरीही एखाद्या हॉटेलात सगळी दारं बंद निघाली, तर ऑफिसचं काम व्हीपीएनशिवाय उघड्या वायफायवर करू नका, फोनचा हॉटस्पॉट लावा.